पाणी साठवल्याशिवाय भागत नाही. मग चालायला लागलेल्या मुलापासून बादली, पिंप आणि हौद दूर ठेवायचे कसे?

सायली_सोलापूर
आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तेही दीड-दोन तास. त्यामुळे घरात पाणी साठवावंच लागतं. मुलगा चौदा महिन्यांचा आहे. आता न धरता चालतो आणि पाण्याचा आवाज आला की तिकडेच धावतो.

साठा असा आहे: बाथरूममध्ये वीस लिटरच्या दोन बादल्या, त्या रंगाच्या डब्यांच्या आहेत. तिथेच शंभर लिटरचं निळं पिंप, वर सुटं झाकण. मागच्या अंगणात सिमेंटचा हौद, आतून साधारण चार फूट बाय तीन फूट, कठडा जमिनीपासून दोन फूट उंच, वर पत्रा टाकलेला. बाथरूमचं दार फायबरचं आहे, कडी फक्त आतून.

"लक्ष ठेवा" असं सगळेच सांगतात आणि आम्ही ठेवतोच. मला हवंय ते असं की, लक्ष चुकलं त्या दोन मिनिटांत मुलाला प्रत्यक्ष अडवेल असं काहीतरी. आणि "बादल्या रिकाम्या ठेवा" एवढंच सांगू नका, रिकाम्या ठेवल्या तर पाच दिवस काढायचे कसे?

विलास_जो
सोपं आहे. बादलीवर, पिंपावर झाकण ठेवायचं आणि त्यावर वजन ठेवायचं. पाट्यावरचा वरवंटा किंवा एखादी वीट पुरते. हौदावर पत्रा आहेच, त्यावर चार दगड ठेवा.

निर्मला_परिचारिका
विलासदादा, झाकण हवंच, पण वजनाच्या भरवशावर नको. चौदा महिन्यांचं मूल बादलीशी कसं वागतं ते बघा. ते काठाला धरून उभं राहतं आणि अंगाचा सगळा भार पुढे टाकतं. सुटं झाकण एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने उचलतं, मग झाकण, वीट आणि मूल एकदमच आत जातात. वीट उलट्या बाजूला घसरली तर पायावर पडते, ते वेगळंच.

बादली एवढी घातक का, ते लक्षात आलं की उपाय आपोआप सुचतात. जन्माच्या वेळी बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या एक चतुर्थांश असतं. मोठ्या माणसात ते सातवा-आठवा भागच असतं. दोन वर्षांपर्यंत मूल वरच्या अंगाने जड असतं. सायली, तुमच्या मुलाची उंची अडीच फुटांच्या आसपास असेल. वीस लिटरची बादली चौदा-पंधरा इंच उंच, म्हणजे काठ बरोबर त्याच्या पोटाशी येतो. आत तरंगणारा मग घ्यायला ते वाकलं की डोक्याचा भार काठाच्या पलीकडे जातो आणि पाय जमिनीवरून सुटतात. हात तळाला टेकले तरी स्वतःला उलटं वर ढकलण्याएवढी ताकद त्या दंडांत नसते.

आता बादलीचं. रिकामी असेल तर मुलाच्या भाराने ती आडवी होते आणि मूल बाहेर पडतं. पण दहा लिटर पाणी असलं की तिचं वजन दहा किलो, जवळजवळ मुलाएवढंच, आणि तेही सगळं तळाशी. ती जागची हलत नाही. म्हणून "अर्धीच तर आहे" ही अर्धी बादली भरलेल्या बादलीपेक्षा कमी धोक्याची नाही. उलटं मूल असेल तर नाक-तोंड बुडायला तीन-चार बोटं पाणी पुरतं.

आणि आवाज येत नाही. तोंड पाण्यात असल्यावर रडणार कसं? पाण्याचा खळखळाटसुद्धा फार होत नाही. बाहेर कुकर आणि टीव्ही चालू असला तर काहीच कळत नाही.

केतकी_न्यूजर्सी
सायली, आमच्याकडे अपार्टमेंटमध्ये बाथटब आहे आणि मुलगी अकरा महिन्यांची आहे. टबमध्ये तळाला रबरी चोषक असलेली बसायची रिंग मिळते, त्यात मूल अडकून बसतं, पुढे-मागे पडत नाही. तुम्हीही तशी मागवून मोठ्या टपात ठेवू शकाल. आंघोळ घालताना दोन्ही हात मोकळे राहतात.

निर्मला_परिचारिका
केतकी, सायली आंघोळीबद्दल नाही, साठ्याबद्दल विचारते आहे. पण तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, कारण ती रिंग सुरक्षेची वस्तू नाही. खालचे चोषक गुळगुळीत कोरड्या तळाला चिकटतात. टबचा तळ घसरू नये म्हणून खरबरीत केलेला असेल किंवा त्यावर साबणाचा थर असेल तर ते सुटतात. मूल रेललं की अख्खी रिंग कलते, आणि मांड्या तिच्यात अडकलेल्या असल्याने मूल स्वतः बाहेर येऊ शकत नाही. कधी ते खालच्या फटीतून घसरून पाण्याखाली जातं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञसुद्धा या रिंगवर विसंबू नका असंच सांगतात. खरी अडचण "हात मोकळे राहतात" यातच आहे. हात मोकळे झाले की माणूस टॉवेल आणायला उठतो.

टबमध्ये पाणी बसलेल्या मुलाच्या बेंबीपर्यंत, त्याहून जास्त नको. नळ बंद करून, पाणी हलवून, कोपर बुडवून बघायचं, मग मूल आत. टॉवेल, साबण, कपडे आधीच हाताशी हवेत. बेल वाजली तर मूल टॉवेलात गुंडाळून सोबत न्यायचं, पाच वर्षांच्या भावाला "बघ रे जरा" म्हणून जायचं नाही. आणि मूल बाहेर काढल्याबरोबर बूच उपसायचं. बूच सुटं असेल तर ते वरच्या फळीवर ठेवा, म्हणजे नंतर कोणी सहज टब भरून ठेवणार नाही.

केतकी_न्यूजर्सी
धन्यवाद ताई. रिंग आजच काढते. कमोडच्या झाकणाला कुलूप लावतात ते खरंच लागतं का, की बाथरूमचं दार बंद ठेवलं की पुरे?

निर्मला_परिचारिका
दार खात्रीने बंद राहत असेल तर पुरे. राहत नसेल तर लावा, कारण पाणी थोडं असलं तरी डोकं खाली जायचा प्रकार तोच आहे.

नळवाला_बाबूराव
पिंपाचं मी सांगतो. ज्या पिंपात मग किंवा तांब्या बुडवून पाणी काढावं लागतं त्याचं झाकण दिवसातून तीस वेळा उघडणार आणि दहा वेळा उघडं राहणार. झाकण उघडायची गरजच संपवायची, म्हणजे तळाशी तोटी बसवायची.

पिंप घेताना वरचं पूर्ण तोंड उघडणारं, पण झाकणावर पत्र्याची कडी आवळून खटका बसणारं घ्या. बाजारात त्याला रिंगचं पिंप म्हणतात. वरून बंद, फक्त दोन बुचांचं पिंपही मिळतं, पण त्यात हात जात नाही. आतून धुता येत नाही आणि तोटीचा आतला नटही लावता येत नाही. रसायनाचं जुनं पिंप असेल तर कितीही धुतलं तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नका.

भोक तळापासून दोन इंच वर पाडायचं. अगदी तळाला पाडलं तर बसलेला गाळ तोटीत येतो आणि वायसर लावायला सपाट जागाही मिळत नाही. अर्ध्या इंचाच्या टाकी-कनेक्टरला २२ मिलिमीटरचं भोक लागतं. ते गोल करवतीने पाडा. तापवलेल्या सळईने पाडलं तर भोक वेडंवाकडं होतं आणि तिथूनच गळती सुरू होते. पिंपाला गोलाई असते म्हणून आतून-बाहेरून जाड रबरी वायसर लावायचे. नट हाताने घट्ट करून वर पान्याने अर्धा फेरा, बस. जास्त आवळलं की वायसर बाहेर सटकतो. टेफ्लॉन टेप तोटीच्या आट्यांना लावायची, वायसरला नाही. पाणी भरून एक रात्र ठेवा, खाली कोरडा कागद अंथरा, सकाळी गळती कळेल.

खाली विटांचा एक फूट उंच चौथरा करा. स्टूल किंवा लोखंडी तिवई चालणार नाही, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. चौथऱ्यामुळे तोटीखाली पाच लिटरची छोटी बादली बसते. धार मंद येईल, पिंप अर्धं झालं की आणखी मंद, ते चालवून घ्यावं लागेल.

रोहन_लालबाग
हे सगळं बाथरूमला दार आहे असं धरून चाललंय. आमच्या चाळीत स्वयंपाकघरातच मोरी आहे, वीतभर कठडा, दार नाही. पहाटे पाणी येतं, तेव्हा मोरीत पिंप आणि तीन कळश्या भरून ठेवतो. मुलगी दीड वर्षाची. कठडा ती सहज ओलांडते. तिथे काय अडवायचं?

नळवाला_बाबूराव
रोहन, कळशी त्यातल्या त्यात बरी, तिचं तोंड अरुंद असतं, दीड वर्षाच्या मुलाचे खांदे आत जात नाहीत. घंगाळं, टप आणि बादली मात्र मोरीतून काढाच. वर माळा असेल तर तिथे लहान प्लास्टिकची टाकी बसवून खाली तोटी घेता येते, पाणी आलं की छोट्या मोटरने वर चढवायचं. पण माळ्याखालचं लाकूड जुनं असेल तर आधी सुताराला दाखवा. दोनशे लिटरचे दोनशे किलो होतात, हे विसरून लोक चढवतात. ते नको असेल तर वीस लिटरचे फिरकीच्या बुचाचे जार घ्या. भरायला वेळ लागतो, पण जार उघडा राहिला तरी मूल आत पडत नाही.

वैशाली_पुणे
बाबूरावकाका, मोरीच्या कडेला लहान मुलांचं जाळीचं फाटक लावलं तर? दोन भिंतींमध्ये दाबून बसतं ते.

नळवाला_बाबूराव
दाबून बसणारं फाटक ओल्या टाइल्सवर घसरतं. मूल त्याला धरून हलवतं तसं रोज एक सूत सैल होतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मोरीजवळ लावायचं तर भिंतीत गिट्टी ठोकून स्क्रूचंच. उभ्या गजांचं घ्या, आडव्या पट्ट्यांची शिडी होते.

मंदार_इंटिरियर
आता दाराकडे येतो. सायलीताईंचं दार फायबरचं आहे. त्यात साधा लाकडी स्क्रू महिनाभरही धरत नाही, कारण आत पोकळ खण असतात. बाहेरून कडी लावायची तर आरपार बोल्ट टाकून दोन्हीकडे मोठे वायसर लावा. चौकट सिमेंटची किंवा दगडी असेल तर तिथे गिट्टी ठोकून स्क्रू घ्या. उंची जमिनीपासून पाच फूट. तीन फुटांवर लावली तर दोन वर्षांचं मूल पालथ्या बादलीवर चढून ती काढतं.

पण कडीचा मोठा दोष म्हणजे ती माणसाने लावावी लागते. बाहेर येणाऱ्याचे हात ओले, खांद्यावर कपडे, कडी राहून जाते. म्हणून दार आपोआप मिटलं पाहिजे. वर बसणारा तेलाचा डोअर क्लोजर लावला तर दार हळू मिटतं. नुसती स्प्रिंग स्वस्त पडते पण दार धाडकन आपटतं आणि मुलाची बोटं बिजागरीच्या बाजूला चिरडतात. क्लोजरमुळे दार मिटतं आणि गोळीचा खटका असेल तर बंदही राहतं. कडी त्यावरचा दुसरा अडसर.

आणि आतली कडी? मूल आत शिरून स्वतःला कोंडून घेऊ शकतं. ती काढून साडेचार-पाच फुटांवर नेऊन लावा.

विलास_जो
बाहेरून कडी म्हणजे घरातली म्हातारी माणसं आत असताना कोणीतरी बाहेरून लावून टाकणार. आमच्याकडे वडील ऐंशीचे आहेत, त्यांना रात्री तीनदा जावं लागतं. अंधारात पाच फुटांवरची कडी शोधायची? आपोआप मिटणारं दारही त्यांच्या काठीत अडकतं.

मंदार_इंटिरियर
काका, हा मुद्दा अगदी खरा आहे आणि त्याला सगळ्यांना चालेल असं उत्तर माझ्याकडे नाही. क्लोजरचा वेग स्क्रूने कमी करता येतो, बराच मंद. रात्री मूल झोपल्यावर कडी मोकळी ठेवून फक्त क्लोजरवर भागवायचं आणि सकाळी मूल उठायच्या आत ती लावायची, असं करता येईल. पण ते लक्षात ठेवावं लागणार.

निर्मला_परिचारिका
विलासकाकांच्या घरासाठी मी दारापेक्षा साठ्यावर भर देईन. आत उघडं पाणीच नसेल तर दार उघडं राहिलं तरी निभावतं. बादली फक्त आंघोळीला आत गेलेल्या माणसाने भरायची आणि बाहेर येण्याआधी उरलेलं पाणी कमोडच्या टाकीत किंवा झाडांच्या झारीत ओतून ती पालथी घालायची. सायली, तुमच्याकडे तेवढं पाणीही वाया घालवता येत नाही हे कळतं, म्हणूनच झाकणाच्या पिंपात परत ओता म्हणते.

अजून एक बादली सगळे विसरतात, ती फरशी पुसायची. ती बाथरूममध्ये नसते, बैठकीच्या खोलीत मधोमध असते, आणि पुसणारी व्यक्ती पाठमोरी सरकत दुसऱ्या खोलीत गेलेली असते. मूल जागं असेपर्यंत पुसायला पाच लिटरची, वीतभर उंचीचीच बादली वापरा. ती मुलाच्या भाराने कलंडते.

फॅब्रिकेशन_अकलूज
हौदाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सायलीताई, पत्रा आजच काढा. पत्रा झाकण वाटतो, पण तो धरत नाही. मूल त्यावर बसलं की मध्यभागी वाकतो आणि कड कठड्यावरून सुटते. ताडपत्री तर त्याहून वाईट, ती मुलाभोवती गुंडाळली जाते. दगड ठेवलेत तर दगडही आत.

दुसरं, तुमचा कठडा दोन फूट आहे म्हणता, पण हौदाजवळ धुण्याचा दगड असेलच. तो फूटभर उंच असेल तर मुलासाठी कठडा फक्त एक फूट उरला. हौदापासून हात-दीड हाताच्या आत पालथी बादली, दगड, कुंडी, सायकल काही नको. ऑस्ट्रेलियात पोहण्याच्या तलावांच्या कुंपणाला १२०० मिलिमीटर उंची, १०० मिलिमीटरपेक्षा मोठी फट नाही, आणि आजूबाजूला ९०० मिलिमीटरपर्यंत पाय ठेवायला काही नको असा नियम आहे. तुमचा दोन फूट कठडा या हिशेबाने निम्माच. म्हणून कठड्यावर विसंबू नका, वरून जाळी हवी.

जाळी अशी करा. २५ बाय २५ बाय ३ मिलिमीटरच्या लोखंडी अँगलची चौकट, हौदाच्या बाहेरच्या मापाने, म्हणजे ती कठड्यावर पूर्ण टेकेल. आतल्या मापाने केली तर ती खाली सरकून लटकते. त्यावर दोन इंच बाय दोन इंचाची वेल्ड मेश. मध्ये तीन फुटांच्या बाजूने एक आडवा अँगल टाका, नाहीतर मोठं मूल चढल्यावर जाळी झोळीसारखी होते. एका बाजूला दोन बिजागऱ्या कठड्यात बोल्टने बसवा, समोरच्या बाजूला कडी आणि कुलूप. किल्ली घरात खिळ्याला, हौदापाशी नको.

पाणी काढायला जाळीत फूटभराचं दार ठेवा असं बरेच जण सांगतात. नका ठेवू. फूटभराच्या भोकातून दीड वर्षाचं मूल सहज जातं. हौदालाही खाली तोटी घ्या, किंवा छोटी मोटर सोडून तिची नळी जाळीतून बाहेर काढा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: जाळी पाण्याच्या वर हवी. भरलेल्या हौदात पाणी जाळीला लागत असेल तर मूल आत पडत नाही, पण पालथं पडलं तर तोंड पाण्यातच राहतं.

तेजस_बंगलोर
आमच्या सोसायटीत जमिनीखालची टाकी आहे, दोन फूट बाय दोन फुटांचं झाकण. टँकर आला की वॉचमन ते उघडून पाइप सोडतो आणि टँकर रिकामा होईपर्यंत झाकण बाजूला पडलेलं असतं. खेळणारी मुलं तिथेच असतात.

फॅब्रिकेशन_अकलूज
झाकण उघडायचं कारणच काढून टाका. स्लॅबमधून चार इंची पाइप वर काढून त्याला आट्यांचं बूच लावा. टँकरची नळी अडीच-तीन इंचाची असते, ती त्यात बसते आणि हवाही बाजूने निघते. मोठं झाकण फक्त टाकी धुताना उघडायचं. शिवाय झाकणाच्या आत दुसरी जाळी बसवा, बारा मिलिमीटरच्या सळ्या, मधली फट तीन इंच, बिजागरी आणि कुलूप. वरचं झाकण कोणी उघडं टाकलं तरी ती धरते.

प्राजक्ता_म
यात वेळेचाही भाग आहे. बांगलादेशात लहान मुलं बुडण्यावर बरंच काम झालंय. तिथे दिसलं की बहुतेक मुलं सकाळी, आई घरकामात असताना, घराच्या अगदी जवळच्या पाण्यात बुडतात. म्हणून तिथे गावोगाव 'आँचल' नावाची पाळणाघरं सकाळी ९ ते दुपारी १ चालवली जातात. सायलीताईंच्या घरी तसाच धोक्याचा वेळ म्हणजे नळ येतो ते दीड-दोन तास. सगळे भरण्याच्या मागे, सगळी भांडी एकाच वेळी उघडी, जमीन ओली. तेवढ्या वेळात एका माणसाचं काम फक्त मूल, पाण्याला त्याने हातही लावायचा नाही. आणि बदली करताना तोंडाने बोलायचं: "आता तू घे", "घेतलं". न बोलता केलं की दोघांनाही वाटतं दुसऱ्याकडे आहे. घरात दुसरं माणूस नसेल तर मूल पाळण्यात किंवा कठड्याच्या पलंगात ठेवूनच नळाकडे जायचं.

रोहन_लालबाग
एवढं करूनही झालंच तर? पोटावर झोपवून पाठ दाबायची, उलटं धरून पाणी काढायचं, असं ऐकलंय. आणि वाचलं तरी दोन-तीन दिवसांनी कोरडं बुडणं होऊन मूल जातं, असंही व्हॉट्सॲपवर फिरतं.

निर्मला_परिचारिका
उलटं धरू नका, पोट दाबू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी श्वासनळीत शिरतं. मूल बाहेर काढून कडक जमिनीवर पाठीवर झोपवा, हाक मारा, छाती हलतेय का ते दहा सेकंद बघा. श्वास नसेल तर डोकं किंचित मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडावर तोंड ठेवून श्वास द्या. छाती उचलेल एवढाच, फुंकर जोराची नको. असे पाच श्वास. मग छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच ठेवून छातीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत तीस वेळा दाबा, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या वेगाने. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर छाती दोन्ही हातांनी वेढून दोन अंगठ्यांनी दाबा, आणि नाक-तोंड दोन्हींवर मिळून तोंड ठेवा. कोणी असेल तर त्याने लगेच १०८ लावावा, एकटे असाल तर फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवा.

दोन-तीन दिवसांनी अचानक, हे खरं नाही. त्रास व्हायचा असेल तर पहिल्या काही तासांत दिसतोच: खोकला थांबत नाही, श्वास जलद चालतो, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, मूल सुस्त होतं. म्हणून ज्याला पाण्यातून श्वास देऊन परत आणलं किंवा जे बाहेर काढल्यावर खोकत राहिलं, त्याला बरं दिसलं तरी दवाखान्यात नेऊन काही तास नजरेखाली ठेवायचंच.

वैशाली_पुणे
आमच्या कंपनीच्या प्रशिक्षणात फक्त छाती दाबायला शिकवलं होतं, तोंडाने श्वास देऊ नका म्हणून सांगितलं.

निर्मला_परिचारिका
ते हृदय अचानक थांबलेल्या मोठ्या माणसासाठी. त्याच्या रक्तात काही मिनिटं पुरेल एवढा प्राणवायू असतो. बुडालेल्या मुलात तो आधीच संपलेला असतो, म्हणून श्वास आधी. तरीही श्वास द्यायला जमत नसेल तर नुसतं दाबत राहा, हात बांधून उभं राहण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

सायली_सोलापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. पत्रा काढला. धुण्याचा दगड हौदाला चिकटूनच आहे, तो सव्वा फूट भरला, म्हणजे कठडा नऊ इंचच उरत होता. हे डोक्यातच आलं नव्हतं. दगड पलीकडच्या भिंतीला हलवतोय. पिंप रिंगचं आणि तोटीचं करणार, दोन मोठ्या बादल्यांऐवजी पाच लिटरच्या दोन. डोअर क्लोजर आणि पाच फुटांवर कडी, दोन्ही लावणार.

अकलूजचे दादा, जाळीचं एक अडतंय. हौदाचं ओव्हरफ्लोचं भोक वरच्या काठापासून जेमतेम तीन बोटं खाली आहे.

फॅब्रिकेशन_अकलूज
तीन बोटं कमी पडतात. जाळी थोडी वाकणारच, आणि भरताना लाटही वर येते. दोन रस्ते आहेत. जुनं भोक सिमेंटने बुजवून चार इंच खाली नवीन पाडा. तुमच्या मापाने बारा चौरस फूट गुणिले चार इंच, म्हणजे चार घनफूट, साधारण ११३ लिटर साठा कमी होईल, एक अख्खं पिंप. तेवढं पाणी सोडवत नसेल तर कठड्यावर चारी बाजूंनी विटेचा एक थर चढवा, आडवी वीट तीन इंच आणि वर गिलावा, आणि जाळी त्यावर बसवा.

सायली_सोलापूर
एक पिंप पाणी सोडणं आमच्याकडे जड आहे. विटेचा थर चढवू. गिलावा किती दिवस ओला ठेवायचा, मग बोल्ट मारता येतील?

फॅब्रिकेशन_अकलूज
सात दिवस दोन वेळा पाणी मारा, मग भोकं पाडा. बोल्ट नव्या विटेत नको, ती फुटते. लांब घ्या आणि खालच्या जुन्या कठड्यापर्यंत जाऊ द्या. आणि ते सात दिवस हौद पूर्ण रिकामा ठेवता आला तर ठेवा, नाहीतर मागच्या दाराला बाहेर जायची कडी वर लावा.